सोडून दिलेला अर्धा पैसा

माझ्यात दोन खोडी लहानपणापासून आहेत. एक म्हणजे राग नाकाच्या शेंड्यावर, आणि दुसरी, गणित येतं याचा माज. पहिलीनं माझं फारसं बिघडवलं नाही, कारण लोक रागीट माणसापासून चार हात लांबच राहतात. दुसरीनं मात्र मला चांगलंच पाणी पाजलं. ते कसं, ते सांगतो.

मॅट्रिकला गणितात मला चांगले मार्क होते. त्या भांडवलावर अमरावतीहून अकोल्याला आलो आणि एका तेलगिरणीत पगार लिहिणारा बाबू म्हणून चिकटलो. नोकरी कच्ची होती, महिना पंच्याहत्तर रुपये. आई अमरावतीला मामाच्या घरी राहायची. शनिवारी संध्याकाळी अकोल्याहून गाडी धरायची, बडनेऱ्याला उतरून अमरावती गाठायची, रविवारी आईच्या हातचं खाऊन परत यायचं, असा क्रम होता.

गिरणीत सव्वाशेच्या आसपास माणसं होती. सरकी आणि भुईमुगाचं तेल निघायचं. सगळे रोजानं काम करणारे, पण पैसे महिन्यानं. घाण्यावरच्या, भट्टीवरच्या आणि गोदामातल्या गड्यांना रोज एक रुपया सहा आणे, मशीनवरच्या जाणत्या लोकांना एक रुपया दहा आणे, आणि शेंगा निवडणाऱ्या बावीस बायांना एक रुपया तीन आणे. आणखी चार-सहा मुकादम होते, त्यांना सरळ दोन रुपये.

ऑफिसात माझ्यावर एकच माणूस, मोठे बाबू. साठी ओलांडलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत आलेला. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे सगळे जुने पाढे त्यांच्या जिभेवर होते. पगारपत्रक करताना ते कागदावर काही मांडतच नसत. हजेरीपुस्तकात बोट ठेवायचं, ओठ हलवायचे आणि रक्कम सांगायची. ती मी मागाहून पडताळायचो, कुठं चुकतायत का बघू म्हणून. कधी चुकले नाहीत. याचा मला रागच यायचा, खरं सांगायचं तर.

त्यांना मूलबाळ नव्हतं. गिरणीच्या आवारातच दोन खोल्यांत ते आणि काकू राहत. शेठजींनी त्यांना शब्द दिला होता, की काम सोडलं तरी दोघांच्या हयातीपर्यंत खोल्या तुमच्याच. त्यांच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. गावाकडचं घर केव्हाच भावकीत गेलं होतं. काकूंनी दारात कढीपत्ता लावला होता आणि मला दुपारी हमखास ताक मिळायचं.

सत्तावन्नच्या एप्रिलात नवे पैसे आले. आजच्या पोरांना तो गोंधळ सांगून कळणार नाही. तोवर रुपयाचे सोळा आणे होते, आता शंभर नवे पैसे झाले. म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. पण पाव पैसा, अर्धा पैसा असं नाणं तर नव्हतं. म्हणून सरकारनं कोष्टक काढलं. पोस्टात ते भिंतीवर चिकटवलेलं होतं. अर्धा पैसा किंवा त्याहून कमी उरला तर सोडायचा, अर्ध्याहून जास्त उरला तर पुरा धरायचा. त्या हिशेबानं तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस, ते धरायचे एकोणीस. सहा आणे म्हणजे साडेसदतीस, धरायचे सदतीस. दहा आणे म्हणजे साडेबासष्ट, धरायचे बासष्ट.

मी पोस्टात उभा राहून ते सगळं उतरवून आणलं आणि माझ्या डोक्यात कल्पना चमकली. दर महिन्याला सव्वाशे रकमांची आण्यांत मांडामांड करून मग प्रत्येकीचे पैसे करण्यापेक्षा, रोजाचाच दर एकदा पैशांत करून टाकावा. एक रुपया सहा आण्यांचे एक रुपया सदतीस पैसे, दहा आण्यांचे एक बासष्ट, तीन आण्यांचे एक एकोणीस. मग फक्त हजेरीनं गुणायचं. दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात. मी पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात तक्ता केला. प्रत्येक दरासमोर एक ते एकतीस हजेऱ्यांची रक्कम तयार. तो मोठ्या बाबूंसमोर ठेवला आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो.

त्यांनी चांगला डोळा पुठ्ठ्याला लावून बराच वेळ पाहिलं.

"आधी गुणाकार करावा बाप्पा," ते म्हणाले, "अन् मंग रक्कम एकदाच पैशात मोडावी. तू तर आधीच मोडून राहिला."

"त्यानं काय होतं? कोष्टक सरकारी आहे."

"कोष्टक बरोबर आहे. पण तेल जितक्या भांड्यात ओतशील, तितकं भांड्याले लागते. तू रोज ओतून राहिला."

"अहो, अर्धा पैसा! मोजायला नाणंसुद्धा नाही त्याला. मोठे बाबू, आता पावकी-निमकीचे दिवस गेले."

हे मी हसत म्हणालो, पण बोचेल असंच म्हणालो. त्या दिवसांत ते जरा खचलेले होते. बाजारात भाजीवाल्या बाईनं त्यांना नव्या पैशांवरून दोनदा फसवलं होतं. चाळीस वर्षं ज्याच्या तोंडी हिशेबाचा गावात दबदबा, त्या माणसाला सुट्टे पैसे नीट मोजता येईनात. वाद घालायचा त्यांचा धीरच गेला होता. "तुमी शिकलेले पोरं," एवढंच म्हणाले, आणि तक्त्याच्या खाली 'तपासले' लिहून सही केली. शेठजींचा नियमच होता, ऑफिसात कुठलाही कागद मोठ्या बाबूंच्या सहीशिवाय चालत नसे.

दीड वर्ष तो तक्ता खिळ्याला टांगलेला होता. पगार वेळेवर व्हायला लागले. शेठजींनी एकदा मला नावाजलंही. कुणीही तक्रार केली नाही, कारण हजेरी गुणिले दर, असं कुणी पडताळलं तरी बरोबरच यायचं. ज्यांना हिशेब येत होता त्यांनाही मी दरच एक सदतीस सांगितला होता ना.

अठ्ठावन्नच्या दिवाळीआधी शेठजींनी बोनस जाहीर केला. आदल्या वर्षी सगळ्यांना सरसकट पाच रुपये वाटले होते. या वर्षी म्हणाले, प्रत्येकाच्या वर्षाच्या कमाईवर शेकडा पाच द्या. म्हणजे प्रत्येकाची वर्षाची कमाई काढणं आलं. मी बाराही महिन्यांची पगारपत्रकं समोर घेतली आणि बेरजा मारल्या. मग पडताळा घ्यायचा म्हणून वर्षाची हजेरी घेतली आणि मूळ दरानं गुणली. का कोण जाणे, त्या वेळी सवयीनं मी आणेच धरले.

पहिलं नाव बॉयलरवरच्या भट्टीवाल्याचं होतं. वर्षाच्या हजेऱ्या नेमक्या तीनशे. तीनशे रुपये, आणि तीनशे गुणिले सहा म्हणजे अठराशे आणे, भागिले सोळा, एकशेसाडेबारा रुपये. एकूण चारशेसाडेबारा. पगारपत्रकांची बेरीज मात्र चारशेअकरा. दीड रुपया कमी.

बेरीज चुकली म्हणून मी स्वतःवरच चिडलो. पुन्हा मारली. चारशेअकराच. दुसरं नाव घेतलं, तिथं एक रुपया छत्तीस कमी. तिसरं, एक एकेचाळीस. दहा आणेवाल्यांकडे गेलो, तिथंही तेच. मग बायांकडे आलो, तर तिथं उलटं. तीनशे हजेऱ्यांना तीनशेछप्पन रुपये चार आणे व्हायला हवेत, दिले होते तीनशेसत्तावन्न. पाऊण रुपया जास्त!

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. गड्यांचा रोज अर्धा पैसा मी सोडून देत होतो. बायांचा पाऊण पैसा रोज पुरा धरत होतो, म्हणजे पाव पैसा जास्त देत होतो. सरकारनं तो अर्धा पैसा सोडायला सांगितला होता, पण रक्कम हातात देताना एकदा. मी महिन्यातून सव्वीसदा सोडत होतो. एक सदतीस गुणिले सव्वीस, पस्तीस बासष्ट. तोच हिशेब मोठ्या बाबूंच्या रीतीनं केला तर सव्वीस रुपये, अधिक एकशेछप्पन आणे म्हणजे पावणेदहा रुपये, झाले पस्तीस रुपये बारा आणे. आता मोडा, पस्तीस पंच्याहत्तर. महिन्याला तेरा पैशांचा फरक. एप्रिलपासूनच्या अठरा महिन्यांत ज्यानं एकही दिवस चुकवला नाही, त्याचे दोन रुपये चौतीस पैसे गेले होते. दीड दिवसाहून जास्त मजुरी. आणि असे गडी नव्वदाहून जास्त.

मी ते कागद घेऊन मोठ्या बाबूंपुढे बसलो. त्यांनी ओठ हलवून दोन-तीन नावं पाहिली. "मी तुले म्हटलं होतं," असं ते म्हणतील याची मी वाट पाहत होतो. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"दिवाळीच्या आधी देणं व्हाले पायजे," ते म्हणाले. "चाल शेठजीकडे."

शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा वर सरकवला. "किती होते सगळं मिळून?"

"एकूण हजेऱ्यांवरून दोनशे सहा रुपये," मी म्हणालो.

"देऊन टाका. दिवाळीच्या तोंडावर कोणाची हाय नको. अन् जास्त किती गेले?"

"बायांना, चोवीस रुपये."

"ते कापून घ्या." मग त्यांनी पुठ्ठ्याचा तक्ता पुढं ओढला. "हे कोष्टक कोणाचं?"

अक्षर माझं होतं, पण शेठजींना कुणाचं अक्षर ओळखायची गरज कधी पडली नव्हती. ते फक्त खालची सही पाहायचे. बाहेर घाणे चालूच होते. माझ्या डोळ्यांपुढे दिवाळीनंतर पक्की व्हायची नोकरी होती, आई होती, मामीचं तोंड होतं. मी तोंड उघडणार होतो. अजूनही मी स्वतःला सांगतो की उघडणार होतो.

"सही माही आहे," मोठे बाबू म्हणाले.

शेठजी त्यांच्याकडे बघत राहिले. "डोळे गेले तुमचे आता. दिवाळी झाली की आराम करा."

"अन् खोल्यांचं?"

"पाहू."

त्या घराण्यातला 'पाहू' आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. आम्ही उठलो. मी काही बोललो नाही. जीभ टाळूला चिकटली, हातपाय गळाले, असलं काहीही झालं नव्हतं. मला बोलता येत होतं आणि मी बोललो नाही, इतकं साधं होतं ते.

बाहेर आल्यावर मात्र माझा आवाज फुटला, तोही त्यांच्यावरच. "तुम्ही असं का म्हणालात?"

"खोटं काय बोललो? सही माहीच आहे."

"पण तक्ता माझा होता!"

"बेस," ते म्हणाले, आणि टेबलाशी जाऊन फरकाची यादी करायला बसले. 'बेस' म्हणजे ठीक. मी ते तसंच घेतलं. म्हातारबा मोठ्या मनाचा आहे, त्यानं मला पदरात घेतलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. सोयीचं होतं ते.

पुढचे अठरा दिवस आम्ही दोघं समोरासमोर बसून सव्वाशे माणसांच्या अठरा महिन्यांच्या रकमा नव्यानं काढत होतो. ते आण्यांत सांगायचे, मी शेवटी एकदाच पैसे करायचो. कामाशिवाय बोलणं नव्हतं. काकूंकडून ताक यायचं ते येत राहिलं. काकूंनी एक दिवस सहज म्हटलं, दारातलं झाड आता कुंडीत काढून घ्यावं का, दुसरीकडं न्यायला. मी ताक अर्धं टाकून उठलो.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, दुपारच्या सुटीत वाटप झालं. मोठे बाबू आत खिडकीशी बसून पैसे मोजून देत होते, मी बाहेर ओसरीवर नावं पुकारून अंगठे घेत होतो. बोनस वेगळा, फरक वेगळा. फरकाचे पैसे पाहून लोक चक्रावले होते. हे कायचे, हे कायचे, असं एकमेकांत चाललं होतं.

भट्टीवाल्याची पाळी आली. हा गडी मला आवडायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वस्तीनं बुद्धधर्म घेतला, त्यानंतर तो रात्रीच्या वर्गाला जायला लागला होता. आमच्या गिरणीत अंगठा सोडून सही करणारा पहिला भट्टीवाला तोच. त्यानं सावकाश सही केली, दोन रुपये पंचवीस पैसे तळहातावर पसरले आणि मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "समजलं का रे? म्हातारा दीड साल आपला अर्धा-अर्धा पैसा खाऊन राहिला होता. पकडला गेला, म्हून आता देऊन राहिला."

रांगेत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "म्हूनच काढून राहिले त्याले." आणखी कुणी आणखी काही. मी खिडकीकडे पाहिलं. मोठे बाबू पुढच्या माणसाचे पैसे मोजत होते. बोटं चालत होती, पण एकच ढीग ते तिसऱ्यांदा मोजत होते.

माझा राग आयुष्यात एकदाच योग्य जागी गेला असेल, तो त्या दिवशी. मी नोंदवही आपटली. "खाल्ले कोणी? चला, दाखवतो कोणी खाल्ले ते!" गोदामाचा पत्र्याचा दरवाजा समोर होता. पोत्यांवर खुणा करायचा खडू घेतला आणि त्या दरवाज्यावर मांडलं. एका बाजूला माझी रीत, एका बाजूला त्यांची. इकडं पस्तीस बासष्ट, तिकडं पस्तीस पंच्याहत्तर. "हे तेरा पैसे कोणाच्या घरी गेले नाहीत. माझ्या गाढवपणात गेले. तक्ता मी केला. मोठे बाबू मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, असं करू नको. मी त्यांना हसलो. चूक माझी आहे, त्यांची नाही!"

ओरडून माझा घसा बसला होता. भट्टीवाला दरवाज्याजवळ आला. ओठ हलवत त्यानं दोन्हीकडचे आकडे वाचले, सव्वीस सक किती ते बोटांवर मोजून पाहिलं. कुणी घाई केली नाही. मग तो खिडकीशी गेला आणि डोक्याचं फडकं काढून म्हणाला, "बाबूजी, तोंडातून निघून गेलं. माफी करा."

"पैसे मोजून घेतले ना बरोबर?" मोठ्या बाबूंनी विचारलं.

"घेतले."

"मंग झालं."

संध्याकाळी शेठजींनी मला बोलावलं. हे व्हायचंच होतं. ते चिडले होते, पण तक्त्यावरून नाही. "मले आधी सांगायचं सोडून तू मजुरासमोर दरवाज्यावर हिशेब लिवते? उद्या कोणीबी उठून मले खडूनं शिकवेल." मी म्हणालो, चुकलो. नोकरी पक्की होणार नव्हतीच, आता कच्चीही राहिली नाही. मी एवढंच विचारलं, की मोठ्या बाबूंच्या खोल्या? शेठजींनी हात झटकला. "खोल्या त्याच्याच आहेत. मी शब्द फिरवत नसतो." अठरा दिवसांपूर्वी 'पाहू' म्हणाले होते, ते ते विसरून गेले असावेत. मी धाडस करून आणखी एक मागणं केलं. बायांचे चोवीस रुपये त्यांच्याकडून नका कापू, माझ्या शेवटच्या पगारातून कापा, गणित माझं होतं. ते म्हणाले, "बरं." त्या बावीस जणींना हे कधीच कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं मी निघालो. पिशवी घेऊन स्टेशनावर बसलो होतो, तर मोठे बाबू काठी टेकत आले. काकूंनी शेव-चिवड्याचा पुडा दिला होता. ते माझ्या शेजारी बाकावर बसले. मला मनातून फार बरं वाटत होतं, ते कबूल करतो. नोकरी गेली होती, पण मी या माणसाचं नाव धुऊन दिलं होतं, घर राखलं होतं. आता ते काहीतरी चांगलं बोलतील आणि मी नको नको म्हणेन, असं मी मनात मांडून ठेवलं होतं.

गाडीचा सिग्नल पडला तेव्हा ते बोलले.

"त्या दिवशी शेठजीसमोर मी म्हटलं ना, सही माही आहे म्हून. तवा मले वाटलं, आता तू बोलशील. म्हून मी थोडा थांबलो बी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रुळांकडे पाहत होते.

"मंग वाटलं, बाहेर आल्यावर आत परत जाशील. मंग वाटलं, उद्या जाशील. रोज सकाळी तू आला का मी तुह्या तोंडाकडे पाहू. अठरा दिवस पाहिलं. बायकोले बी सांगितलं नाही मी, का तक्ता तुहा होता. म्हटलं, ते पोरगं सोताच सांगते, मी काहून सांगू."

"मग मला म्हणायचं होतं एकदा," मी म्हणालो.

"तुले काय म्हणायचं," ते म्हणाले. त्यांनी पुडा माझ्या पिशवीत नीट बसवला. "जा. मायले नमस्कार सांगजो."

गाडी आली, मी चढलो, खिडकीची जागा मिळाली. ते फलाटावर उभे होते आणि मोतीबिंदूमुळे भलत्याच डब्याकडे हात हलवत होते. मला त्यांना हाक मारून सांगायचं होतं, की मी इकडे आहे. मूर्तिजापूर येईपर्यंत मी रडत होतो.